मांडीवरची पर्स आणि फोटोतला नवा कुर्ता

कपडे विकणाऱ्या काही ॲपवर आता स्वतःचा फोटो टाकून ‘हा कुर्ता मला कसा दिसेल’ ते बघता येतं. सरळ उभं राहून, हात अंगापासून थोडे लांब ठेवून काढलेला फोटो असेल तर चित्र बऱ्यापैकी जमतं. पण आपल्या मोबाइलमधले फोटो असे थोडेच असतात? बाई खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, छातीवरून आडवा गेलेला पर्सचा पट्टा. अशा फोटोत कुर्ता बदलायला घेतला की बोटं एकमेकांना चिकटतात, पट्टा छातीवर मध्येच गायब होतो, पर्सचा रंग कुर्त्यात उतरतो.

याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. संगणक जुन्या कपड्यावर नवा कपडा चढवत नाही. तो आधी जुना कपडा पुसतो आणि मग ती रिकामी जागा भरतो. त्यासाठी तो फोटोतला प्रत्येक बिंदू कशाचा आहे हे ठरवतो: केस, चेहरा, कुर्ता, हात, पर्स. जो भाग पुसायचा त्यावर एक झाकण टाकलं जातं, त्याला मास्क म्हणतात. मास्कखालचं सगळं नव्याने रंगवलं जातं, बाहेरचं तसंच राहतं. म्हणजे खरा प्रश्न नव्या कुर्त्याचा नाहीच. काय पुसायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढाच आहे.

त्यात ही यंत्रणा शिकली तीही सोप्या फोटोंवर. २०१८ साली आलेल्या ‘व्हिटॉन’ या गाजलेल्या संशोधनात फोटोंच्या सुमारे १६ हजार जोड्या वापरल्या होत्या. एका बाजूला नुसता टॉप, दुसऱ्या बाजूला तो घातलेली, समोर तोंड करून असलेली स्त्री. मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या माणसाची सवय अशा शिकवणीतून लागत नाही. शिवाय अलीकडच्या पद्धती फोटो आधी लहान करून त्यावर काम करतात. अनेकींमध्ये लांबी-रुंदी प्रत्येकी आठपट कमी होते. सोळा बिंदू रुंद असलेलं बोट तिथे जेमतेम दोन घरांत मावतं. बोटं बिघडतात ती इथे.

एक उदाहरण घेऊ. बसलेल्या बाईने हिरवा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला आहे आणि तिला पिवळा, आखूड बाह्यांचा घालायचा आहे. मांडीवर पर्स, पर्सवर उजवा हात. मास्क ढोबळ काढून पर्सही त्यात घेतली, तर संगणक स्वतःच्या कल्पनेने नवी पर्स रंगवतो. ती तिची नसते. उलट पर्सच्या कडेला अगदी खेटून मास्क थांबवला, तर जुन्या कुर्त्याची बारीक हिरवी किनार उरते आणि पिवळ्यावर ती लगेच डोळ्यात भरते.

जाणकार संपादक म्हणून काम दोन थरांत करतात. पर्स, पट्टा आणि हाताचा पंजा आधी वेगळे कापून ठेवतात. ‘सेगमेंट एनिथिंग’सारख्या साधनात वस्तूवर क्लिक केलं की तिची कड मिळते. बारीक पट्टा मात्र बऱ्याचदा कुर्त्याचाच भाग समजला जातो, तो हाताने आखावा लागतो. मग मास्क थोडा सैल, पर्सच्या कडेच्या किंचित आत शिरेल इतका ठेवून पिवळा कुर्ता रंगवून घेतात आणि कापून ठेवलेली पर्स व पंजा मूळ जागी परत बसवतात. कडा दोन-तीन बिंदू मऊ करतात. पर्सखाली सावली नसेल तर ती घालतात, नाहीतर पर्स हवेत तरंगते.

आखूड बाहीचा पेच उरतोच. मूळ फोटोत मनगटापर्यंत कापड आहे. त्याखालचा हात कॅमेऱ्याने पाहिलेलाच नाही. तो संगणक बनवतो. दंडावर तीळ किंवा गोंदण असेल तर ते त्या चित्रात येणार नाही.

चित्र फसलंय का हे ओळखायचं असेल तर पट्टेरी किंवा चौकडीचा कुर्ता घालून बघावा. पोटावरून आडवा हात असेल, तर हाताच्या वरची आणि खालची रेघ एकाच ओळीत यायला हवी. काही पद्धतींत हाताजवळची नक्षी दाबल्यासारखी गोळा होते, कारण कापड हाताच्या मागे न जाता त्याच्या कडेपाशीच आकसतं. २०२२ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ‘एचआर-व्हिटॉन’मध्ये नेमका हाच दोष हाताळला. पर्सच्या पट्ट्याचीही अशीच परीक्षा घ्यावी: तो खांद्यावरून निघून कमरेशी सलग पोचतो का, ते पाहावं.

हे सगळं जमलं तरी बसलेल्या फोटोतून कुर्त्याची उंची कळत नाही. मांडीवर तो दुमडलेला असतो, त्यात घेर पर्सखाली झाकलेला, आणि कापड पोटाशी किती ताणेल हे चित्राला ठाऊकच नसतं. रंग आणि गळा आवडला की उंची व छाती इंचांच्या तक्त्यावरून पाहावी, आणि शक्य असेल तर पर्स बाजूला ठेवून, उभं राहून एक फोटो आणखी काढावा.