तिच्या वाढदिवसाला काय लिहावं?

एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला आपल्याला मिनिटभरही लागत नाही. पण जिला मूल हवं आहे, आणि लग्नाला बरीच वर्षं होऊनही ते झालेलं नाही, अशा जवळच्या मैत्रिणीचा वाढदिवस आला की हात अडखळतो. ‘यंदा गोड बातमी दे’ असं लिहिलं तर टोचेल. त्या विषयाला अजिबात स्पर्श केला नाही, तर सगळं ठाऊक असूनही आपण कोरडे वागलो असं आपल्यालाच वाटत राहतं. मग बरेच जण केकचं एखादं चित्र पाठवून मोकळे होतात. माझ्या मते मैत्रीण खरोखर जवळची असेल तर तेवढ्यावर थांबू नये. आशेचं एक वाक्य लिहिता येतं. फक्त ते कुठे ठेवायचं आणि त्याच्या आजूबाजूला काय ठेवायचं नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी हे पाहू, की तिला हाच दिवस जड का जातो. सणासमारंभात, डोहाळजेवणात, बारशाला होणारा त्रास आपल्या लक्षात येतो. वाढदिवसाचा येत नाही, कारण तो तर तिचाच दिवस. पण मुलासाठी उपचार घेणाऱ्या बाईच्या फाइलीत पहिल्याच पानावर वय लिहिलेलं असतं आणि दर वर्षी तो आकडा बदलतो. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्यानं उतरू लागतात, हे डॉक्टरांनी तिला पहिल्या भेटीतच सांगितलेलं असतं. दत्तक घ्यायचं म्हटलं तरी वय आडवं येतंच. आपल्याकडच्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाऊन चालत नाही. ती ४१ वर्षांची आणि तो ४४ चा असेल, तर बेरीज बरोबर ८५ भरते. नावनोंदणी केलेली नसेल, तर दोघांपैकी कुणाचाही पुढचा वाढदिवस त्यांना त्या गटातून बाहेर काढतो. ‘वय हा नुसता आकडा असतो’ हे वाक्य तिच्यासाठी खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. आयव्हीएफचं एक ‘सायकल’ चालू असताना घरात काय घडत असतं, ते बाहेरून दिसत नाही. साधारण दहा-बारा दिवस रोज ठरलेल्या वेळी पोटात इंजेक्शनं असतात. त्यासाठी मोबाइलवर गजर लावलेला असतो आणि औषधं फ्रिजमध्ये ठेवलेली असतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मग एक शेवटचं इंजेक्शन, तेही डॉक्टर सांगतील त्याच वेळेला, कारण त्यानंतर सुमारे ३६ तासांनी स्त्रीबीजं काढायची असतात. पुढे प्रयोगशाळेत गर्भ वाढवायचा, तो गर्भाशयात सोडायचा आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी करायची. या तपासणीला उपचार घेणाऱ्या बायका नुसतं ‘बीटा’ म्हणतात. ‘उद्या बीटा आहे’ एवढ्या तीन शब्दांत आधीचा सगळा महिना सामावलेला असतो.

आता समजा, तुमच्या मैत्रिणीचा वाढदिवस नेमका त्या दोन आठवड्यांत आला. किंवा त्याच सकाळी तपासणी ‘निगेटिव्ह’ आली. किंवा ‘पॉझिटिव्ह’ आली आहे, पण तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं आहे. यातलं काय खरं आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि कळण्याची गरजही नाही. माझ्या दृष्टीनं मेसेजची खरी परीक्षा इथेच आहे. तिन्ही सकाळी तो तिला जसाच्या तसा वाचता आला पाहिजे. ‘काही विशेष?’ हा एवढासा प्रश्न तिन्ही दिवशी नापास होतो. पहिल्या दिवशी तिच्याकडे उत्तर नसतं, दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिताना रडू येतं आणि तिसऱ्या दिवशी तिला तुमच्याशी खोटं बोलावं लागतं.

चांगल्या मनानं लिहिलेला एक कच्चा मसुदा घेऊन पाहू. असे मेसेज आपण सगळ्यांनी वाचलेले आहेत:

‘हॅपी बर्थडे गं! टेन्शन अजिबात घेऊ नकोस, दोघं मस्त फिरून या, आपोआप होईल. माझ्या नणंदेला आठ वर्षांनी राहिलं. देव उशीर करतो, पण देतोच. पुढच्या वाढदिवसाला तुझ्या मांडीवर बाळ असणार, बघच! डॉक्टर काय म्हणतात?’

यातल्या एकाही वाक्यात वाईट हेतू नाही, तरी प्रत्येक वाक्य काहीतरी मागतं. टेन्शन घेऊ नकोस म्हणताना, तू टेन्शन घेतेस म्हणून हे होत नाही, असा अर्थ निघतो. गर्भनलिका बंद असणं, स्त्रीबीजांचा साठा कमी असणं, नवऱ्याच्या शुक्रजंतूंची संख्या कमी असणं ही कारणं महाबळेश्वरला चार दिवस राहून जात नाहीत. नणंदेची गोष्ट खरी असेल, पण नणंदेची अडचण वेगळी होती, आणि अशा गोष्टी तिनं आजवर कित्येकदा ऐकल्या आहेत. ‘देव देतोच’ यात वचन आहे, आणि ते पाळणं आपल्या हातात नाही. पुढच्या वाढदिवसाचं वाक्य त्याहून अवघड. ते आज गोड वाटतं, पण बरोबर वर्षभरानं, काही बदललं नसेल तर, तिला आठवल्याशिवाय राहत नाही. आशेला मुदत घातली की ती हिशेबाची तारीख होते. आणि शेवटचा प्रश्न म्हणजे सरळ चौकशी. तीही वाढदिवसाच्या दिवशी, जेव्हा उत्तर न देणं उद्धटपणाचं दिसतं.

आता उरलं काय? तिच्याबद्दलची एखादी खास आठवण, आशेचं एक वाक्य आणि एक ठोस बेत. या क्रमानं लिहिलं की मेसेज आपोआप सरळ होतो. सुरुवात तिच्यापासून करावी, कारण अनेक महिने घरचे, दवाखान्यातले, नातेवाईक असे सगळे तिच्याकडे एकाच नजरेनं पाहत आलेले असतात. ती उत्तम शिकवते, गाणं म्हणते, ऑफिसात भांडून इतरांना रजा मिळवून देते, हे कुणी बोलतच नाही. आठवण खरी आणि बारीक असावी. ‘तू किती छान आहेस’ यानं काम होत नाही.

आशेचं वाक्य किती उघड असावं, हे एकाच गोष्टीवर ठरतं. तिनं स्वतः तुम्हाला सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर त्या वाटेचा उल्लेख करावा. अन्यथा आपण विसरलो असं तिला वाटेल. पण ही गोष्ट तिच्या जाऊबाईंकडून किंवा सोसायटीतून कानावर आली असेल, किंवा तुमचा नुसता अंदाज असेल, तर वाक्य इतकं साधं ठेवावं की ते कुणालाही लागू पडेल: ‘तुझ्या मनात जे आहे ते या वर्षात तुझ्या जवळ यावं.’ तिला कळायचं ते कळतं, आणि तिनं सांगितलेलं नसताना आपल्याला माहीत आहे हे तिला कळत नाही.

तिनं सांगितलं आहे असं धरून वरचा मसुदा मी असा लिहीन:

‘वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा गं. आईच्या ऑपरेशनच्या रात्री तू डबा घेऊन आलीस आणि सकाळपर्यंत बाकावर माझ्या शेजारी बसून राहिलीस, ते मी विसरलेले नाही. तू ज्याची वाट बघते आहेस, ते तुझ्या मनासारखं व्हावं असं मलाही रोज वाटतं. त्याबद्दल काही सांगायलाच हवं असं नाही. येत्या रविवारी सकाळी तुझ्याकडे थालीपीठ घेऊन येते. ऐन वेळी नको म्हणालीस तरी चालेल, कारण विचारणार नाही.’

यात प्रश्नचिन्ह नाही. ‘बाळ’ शब्दही नाही, तरी मेसेज कशाबद्दल आहे ते तिला पुरतं कळतं. ‘तुझ्या मनासारखं’ मुद्दाम लिहिलं आहे. उद्या ती आणि नवरा दत्तक घ्यायचं ठरवतील, उपचार आणखी वर्षभर चालू ठेवतील किंवा आता पुरे म्हणून थांबतील. यातला कुठलाही निर्णय झाला तरी ते वाक्य खोटं पडत नाही. रविवारचं शेवटचं वाक्यही उगाच नाही. सोनोग्राफी कधी लागेल, डॉक्टर कधी बोलावतील, हे तिलाही आदल्या दिवशीच कळतं. ‘काही लागलं तर सांग’ यात मागण्याचं ओझं तिच्यावर पडतं. रद्द करता येणारा बेत तिला झेपतो.

मित्रालाही हेच लागू आहे, आणि त्याला तर कुणी काही लिहीतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं, आणि त्यात पुरुषही आहेतच. तरी मित्रांच्या ग्रुपवर ‘आता मनावर घे रे’ अशी थट्टा चालते आणि तो हसण्याचं चिन्ह टाकून गप्प बसतो. त्याला वेगळं लिहावं आणि थोडक्यात लिहावं: ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा रे. तुम्हा दोघांच्या मनासारखं होवो. शनिवारी संध्याकाळी टेकडीवर जाऊ, मी घ्यायला येतो.’

कुठे पाठवायचं, यालाही महत्त्व आहे. असा मेसेज ग्रुपवर किंवा स्टेटसवर कधीही टाकू नये. तिथे आशेचं वाक्य आलं की मागोमाग दहा काकू-मावश्यांचे आशीर्वाद येतात, कुणी रांगणाऱ्या बाळकृष्णाचं चित्र टाकतं, कुणी कूस उजवण्याचा नवस सुचवतं. ग्रुपवर फक्त ‘शुभेच्छा’ लिहा आणि मनातलं तिला एकटीला पाठवा. दवाखान्याचं नाव, व्हिडिओ, पथ्याचा फॉरवर्ड त्यासोबत जोडू नका. तिनं मागितलं तर ते दुसऱ्या एखाद्या दिवशी द्या.

उत्तर म्हणून तिच्याकडून कदाचित नुसता लाल बदाम येईल, कदाचित दोन दिवस काहीच येणार नाही. ‘मेसेज पोचला का?’ असं विचारू नका आणि दोन निळ्या खुणा मोजत बसू नका. रविवारी ठरल्याप्रमाणे थालीपीठ घेऊन जा आणि तिनं स्वतः विषय काढला तरच त्यावर बोला.