प्रबंधातलं दुसरं प्रकरण

एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध हातात घेतला की दुसरं प्रकरण कसं असणार, हे बहुतेक वेळा न उघडताही सांगता येतं. अमुक साली तमुक रुग्णालयात साठ रुग्णांवर अभ्यास झाला, पद्धत अशी होती, उपचार परिणामकारक ठरला. पुढचा परिच्छेद, पुढचा अभ्यास, पुन्हा तेच. असे वीस-पंचवीस परिच्छेद एकाखाली एक लावले की ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ पूर्ण! व्हायवाला परीक्षक विचारतात, ‘‘मग या सगळ्यावरून आजवर नेमकं काय कळलंय?’’ आणि विद्यार्थिनी गाईडकडे बघते.

हे प्रकरण खऱ्या अर्थाने कसं उभं राहतं, ते एका विषयाच्या आधारे बघू. विषय आयसीयूतला, रोजचा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तोंडातले जंतू श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो, व्हेंटिलेटर लावल्याला अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर. वॉर्डात त्याला सगळे ‘व्हॅप’ म्हणतात. तो टळावा म्हणून परिचारिका दर पाळीत रुग्णाचं तोंड क्लोरहेक्सिडीनने पुसून काढतात. हा विषय घेण्याचं कारण असं, की वरवर बघणाऱ्याला तो केव्हाच निकाली निघालेला वाटतो.

‘व्हॅपवर क्लोरहेक्सिडीनची परिणामकारकता’ हे झालं प्रबंधाचं नाव. एवढ्यावर शोध घेता येत नाही. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम काय मोजायचा, हे चार भाग आधी सुटे करावे लागतात. इथे रुग्ण म्हणजे व्हेंटिलेटरवरचे प्रौढ. उपचार म्हणजे तोंडात वापरलेलं क्लोरहेक्सिडीन. तुलना सलाईनशी, दिसायला तशाच पण औषध नसलेल्या द्रावाशी किंवा नेहमीच्या माऊथ केअरशी. परिणाम म्हणून व्हॅप मोजायचा आणि मृत्यूही. मृत्यू का, ते पुढे येईलच.

या भागांतूनच शोधाची ओळ तयार होते. पबमेड ही अमेरिकेची मोफत सूची आहे, तिथे पहिला प्रयत्न साधारण असा होतो:

```
("Chlorhexidine"[Mesh] OR chlorhexidine[tiab])
AND ("Pneumonia, Ventilator-Associated"[Mesh]
  OR "ventilator-associated pneumonia"[tiab] OR VAP[tiab])
AND ("Oral Hygiene"[Mesh] OR "oral care"[tiab]
  OR "mouth care"[tiab] OR mouthwash*[tiab])
```

`[Mesh]` म्हणजे पबमेडने लेखाला लावलेलं ठरावीक विषयनाम, आणि `[tiab]` म्हणजे लेखाच्या शीर्षकात किंवा सारांशात आलेला शब्द. दोन्ही लागतात, कारण ताज्या लेखांना विषयनाम अजून लागलेलं नसतं. एकाच गोष्टीची निरनिराळी नावं `OR`ने जोडायची आणि वेगवेगळ्या गोष्टी `AND`ने. कंस मात्र विसरायचे नाहीत. पबमेड ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जातो, कंस चुकला की निकालांची संख्या एकदम हजारांत जाते किंवा पाच-सहावर येते.

ओळ दिसायला चोख आहे. ती चालते का हे तपासायची रीत अशी, की या विषयातला एखादा प्रसिद्ध अभ्यास आपल्या निकालात आलाय का ते पाहायचं. क्लोरहेक्सिडीनच्या बाबतीत असा एक अभ्यास १९९६ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात आला होता. हृदयशस्त्रक्रियेच्या ३५३ रुग्णांवर ०.१२ टक्के द्राव वापरून तो केलेला. या उपचाराचा पायाच त्याने घातला असं म्हणता येईल. त्याच्या शीर्षकात ‘व्हेंटिलेटर’ हा शब्दच नाही. तिथे शब्द आहेत ‘nosocomial respiratory infection’ आणि ‘oral rinse’. म्हणजे वरच्या ओळीत जे शब्द आहेत त्यांतला एकही, क्लोरहेक्सिडीन सोडून, त्या शीर्षकात सापडत नाही. अभ्यास हुकण्याची पुरेपूर सोय झाली! मग दुसऱ्या आणि तिसऱ्या कंसांत भर घालायची:

```
OR "nosocomial pneumonia"[tiab]
OR "respiratory infection*"[tiab] OR "Cross Infection"[Mesh]

OR "Mouthwashes"[Mesh] OR "oral rinse*"[tiab]
```

निकाल वाढतात, त्यात नको ते लेखही येतात, पण ते चाळून काढता येतात. जे आलंच नाही ते चाळणार कसं? शोधाच्या टप्प्यावर म्हणूनच थोडं सैल राहावं.

पबमेडवर काम भागत नाही. नर्सिंगची बरीच नियतकालिकं सिनाल या सूचीत असतात. ती विकतची आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात मिळते का ते ग्रंथपालांना विचारावं. तिथली विषयनामं वेगळी असतात, त्यामुळे पबमेडची ओळ जशीच्या तशी चिकटवून चालत नाही. गूगल स्कॉलर वाईट नाही, पण आज दिसलेला निकाल महिन्याने तसाच दिसेल याची खात्री नसते. एखादा जुना अभ्यास पुढे कुणी कुणी उद्धृत केला हे बघायला मात्र त्याच्यासारखं साधन नाही. प्रत्येक ठिकाणी शोध घेतला की तारीख, पूर्ण ओळ आणि निकालांची संख्या वहीत त्याच दिवशी लिहायची. सहा महिन्यांनी ती आठवत नाही.

आता निकष, म्हणजे कोणता अभ्यास घ्यायचा आणि कोणता सोडायचा. हे शोधाआधी लिहून गाईडला दाखवलेले असावेत. निकाल बघून निकष ठरवले, तर आपल्या मताविरुद्ध गेलेला अभ्यास बाहेर काढायला एखादं कारण नेहमीच सापडतं. आपल्या विषयात मी असे निकष लावेन: वय अठरा आणि त्यावर, आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेले रुग्ण, क्लोरहेक्सिडीन कुठल्याही तीव्रतेचं पण तोंडातच दिलेलं, आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक केलेली. जिथे क्लोरहेक्सिडीनबरोबर पलंगाचं डोकं उंच ठेवणं, गुंगीचं औषध कमी करणं असा सगळा संच एकदम बदलला, ते अभ्यास सोडायचे, कारण फरक कशामुळे पडला हे तिथे कळत नाही. हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण घ्यायचे, पण वेगळ्या गटात. त्यांची नळी बहुधा लवकर निघते, न्यूमोनियाने गांजलेल्या मेडिकल आयसीयूतल्या रुग्णाशी त्यांची तुलना होत नाही.

एक निकष मात्र सवयीने घातला जातो आणि तो मला पटत नाही: ‘फक्त गेल्या पाच वर्षांतले अभ्यास’. औषध नवं असेल तर ठीक. इथे तो लावला तर १९९६चा मूळ अभ्यास जातो, आणि ज्या २०१४च्या विश्लेषणाने सगळा विषय उलटा केला तेही जातं. ‘फक्त मोफत मिळणारे पूर्ण लेख’ हा निकष तर निकषच नव्हे. ती आपली अडचण आहे, रुग्णाचा त्याच्याशी काय संबंध?

निकाल झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओतून दुबार नोंदी काढायच्या, मग शीर्षक आणि सारांश वाचून चाळायचं आणि उरलेले लेख पूर्ण वाचायचे. प्रत्येक पायरीवर किती आले, किती गेले, हे प्रिझ्मा या नावाच्या आकृतीत मांडतात. पूर्ण वाचून सोडलेल्या प्रत्येक लेखाचं कारण त्यात हवं. बेरीज-वजाबाकी जुळते का, हे परीक्षक हमखास बघतात.

यानंतर येतं चिकित्सक मूल्यमापन. त्यासाठी कॅस्प किंवा जेबीआय यांच्या तयार प्रश्नावल्या मोफत मिळतात, आणि गडबड होते तीही इथेच. विद्यार्थी ‘हो, नाही, सांगता येत नाही’ असे रकाने भरतात, गुणांची बेरीज करतात आणि प्रकरण संपवतात. दहापैकी आठ म्हणजे चांगला अभ्यास! पण ज्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आलं ते कोणते, हेच तर बघायचं असतं.

आपल्या विषयात सगळं एका प्रश्नावर अडतं: कुणाला क्लोरहेक्सिडीन मिळालं हे निदान करणाऱ्याला माहीत होतं का? व्हॅपचं निदान रक्तातल्या साखरेसारखं एका आकड्यावर होत नाही. ताप, पांढऱ्या पेशी, घट्ट झालेला कफ आणि एक्स-रेवरची सावली, यांवरून डॉक्टर ठरवतात. ती सावली न्यूमोनियाची की साठलेल्या पाण्याची, यावर दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. या रुग्णाला औषध मिळालंय हे ठाऊक असेल, तर नकळत कल एका बाजूला झुकतो. मृत्यूच्या बाबतीत असा कल चालत नाही, म्हणून तो मोजायचा.

२०१४ साली मायकल क्लॉम्पस आणि सहकाऱ्यांनी सोळा चाचण्या एकत्र करून नेमकं हेच तपासलं. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये श्वसनाचे संसर्ग कमी दिसले. बाकीच्या रुग्णांत, ज्या चाचण्यांमध्ये कुणालाच काही माहीत नव्हतं, तिथे व्हॅपमध्ये ठोस फरक उरला नाही. मृत्यूचं सापेक्ष प्रमाण १.१३ आलं, विश्वासार्हतेची मर्यादा ०.९९ ते १.२९. सोप्या भाषेत, धोका तेरा टक्के जास्त दिसतोय, पण योगायोग पूर्णपणे नाकारता येत नाही. ‘सिग्निफिकंट नाही’ एवढंच लिहून पुढे जाणारा विद्यार्थी इथे फसतो. त्या पट्ट्यात फायद्याला जेमतेम एक टक्का जागा आहे आणि नुकसानाला एकोणतीस.

दोन वर्षांनी, २०१६मध्ये, कॉक्रेनचा आढावा आला. त्याने अठरा चाचण्यांवरून सांगितलं, की क्लोरहेक्सिडीनमुळे व्हॅपचा धोका २५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर येतो, मृत्यूत फरक दिसत नाही. दोन्ही गट नावाजलेले आणि निष्कर्ष वेगळे. नेहमीच्या पद्धतीत हे दोन स्वतंत्र परिच्छेद होतील, एकमेकांची ओळख नसलेल्या शेजाऱ्यांसारखे. खरं प्रकरण इथून सुरू व्हायला हवं: कोणत्या चाचण्या दोघांत समान, हृदयरुग्ण कुणी वेगळे काढले, निदान करणाऱ्याला माहिती असलेल्या चाचण्यांना कुणी किती वजन दिलं. यासाठी एक तक्ता करावा. आडव्या ओळीत एकेक अभ्यास, उभ्या रकान्यांत रुग्णांचा प्रकार, द्रावाची तीव्रता, ब्लाइंडिंग, व्हॅप, मृत्यू आणि दुष्परिणाम. मग परिच्छेद रकान्यांवर लिहायचे, ओळींवर नाही. तीव्रतेच्या रकान्यावरून नजर फिरवली तरी कळतं, की ०.१२ टक्के आणि २ टक्के एका मापात मोजता येत नाहीत. थायलंडमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या २ टक्क्यांच्या चाचणीत तोंडाच्या आतल्या त्वचेचा दाह औषध मिळालेल्या गटात स्पष्टपणे जास्त होता.

२०२२ साली अमेरिकेतल्या रुग्णालय-संसर्ग तज्ज्ञांच्या संस्थांनी मार्गदर्शक सूचना सुधारल्या. रुग्णाचे दात ब्रशने घासा, क्लोरहेक्सिडीनविना, असं त्या सांगतात. म्हणजे ‘क्लोरहेक्सिडीनची परिणामकारकता’ या नावाने सिनॉप्सिस देणाऱ्या विद्यार्थ्याचा आढावा नीट झाला असेल, तर त्याचा विषयच बदलायला हवा. कदाचित प्रश्न ब्रशचा होईल: किती वेळा, कुणी आणि मऊ ब्रश की स्पंज.

तिथेही तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. डिसेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पंधरा चाचण्यांवरून ब्रशने न्यूमोनियाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं दिसतं. पण रुग्णाचे दात घासले जातायत हे काम करणाऱ्या परिचारिकेपासून लपवणार कसं? मग एक्स-रे वाचणाऱ्यापासून ते लपवलं होतं का, हे प्रत्येक चाचणीत शोधून तक्त्यात लिहायचं. आणि प्रबंध बांधायला देण्याआधी तीच जुनी ओळ, वहीतल्या शेवटच्या तारखेपासून पुढे, पबमेडवर आणखी एकदा चालवायची.