पडद्यावर नाव नसलेला पाहुणा

नामवंत नट एखाद्या मालिकेच्या एका भागात पाहुणा म्हणून येऊन गेला, असे कुणी सांगितले की बहुतेक वेळा पडताळणी सोपी असते. तो पडद्यावर दिसतो, श्रेयनामावलीत त्याचे नाव असते आणि विषय तिथेच संपतो. पेच पडतो तो नामावलीत नावच नसते किंवा भलतेच नाव असते तेव्हा. अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवरील ‘द सिम्पसन्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका याचा उत्तम नमुना आहे. या मालिकेत पाहुणा येतो तो फक्त आवाजाने, त्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय नाही. शिवाय सुरुवातीच्या काळात दोन बडे पाहुणे टोपणनावाने येऊन गेले.

त्यातला पहिला डस्टिन हॉफमन. २५ एप्रिल १९९१ रोजी प्रसारित झालेल्या ‘लिसाज सबस्टिट्यूट’ या भागात लिसाच्या वर्गावर बर्गस्ट्रॉम नावाचे बदली शिक्षक येतात. त्यांचा आवाज हॉफमनचा आहे, असा दावा. तो तपासताना आधी भाग नक्की करावा लागतो आणि त्यासाठी शीर्षक व प्रसारणाची तारीख या दोन गोष्टी पुरतात. भागाच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये, कारण निर्मितीचा क्रम आणि प्रसारणाचा क्रम पुष्कळदा जुळत नाहीत. पुढे ज्याचा उल्लेख येईल तो ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’ हा भाग दुसऱ्या पर्वाच्या निर्मितीत तयार झाला, पण दाखवला गेला तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग म्हणून. अशा वेळी दोन याद्यांत दोन वेगळे क्रमांक आढळतात आणि तपासणारा चुकीचा भाग पाहून ‘हा नट यात नाहीच’ असे ठरवून मोकळा होतो.

भाग सापडला की शेवटची नामावली पाहायची. स्ट्रीमिंगवर ती सुरू होताच चित्र आकसते आणि पुढचा भाग चालू होतो, म्हणून ती मुद्दाम थांबवून वाचावी लागते. पाहायचा तो मूळ भाषेतला भाग. डब केलेल्या आवृत्तीत पाहुण्याचा आवाजच उरत नाही. ‘लिसाज सबस्टिट्यूट’च्या नामावलीत हॉफमनचे नाव नाही. तिथे Sam Etic असे एक नाव आहे. ही दोन्ही नावे सलग उच्चारली की ‘सेमिटिक’ असे ऐकू येते, आणि बर्गस्ट्रॉम हे पात्र ज्यू आहे. म्हणजे नाव रचलेले असावे, असा संशय घ्यायला जागा आहे. भागातच आणखी एक खूण आहे. लिसाच्या भावाची शिक्षिका बर्गस्ट्रॉमशी लगट करू पाहते, तो प्रसंग हॉफमनला प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या ‘द ग्रॅज्युएट’ या १९६७च्या चित्रपटातील प्रसंगावर बेतला आहे.

मात्र खुणा या खुणाच. लेखकांनी हॉफमनच्या चित्रपटाची थट्टा केली म्हणून आवाज हॉफमनचाच ठरत नाही. थट्टेसाठी त्याची नक्कल करणारा कलाकारही घेता आला असता. निर्णायक पुरावा देऊ शकतात ते ध्वनिमुद्रणाच्या कामात असलेले लोक. या मालिकेच्या डीव्हीडी संचांत प्रत्येक भागावर निर्माते, लेखक आणि दिग्दर्शक यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केलेले आहे. दुसऱ्या पर्वाचा संच २००२ मध्ये आला. त्यात हा भाग घडवणारेच हॉफमनच्या कामाबद्दल बोलतात, तेव्हा टोपणनावाचा प्रश्न उरत नाही.

अनेक जण ही वाट सोडून थेट आयएमडीबी उघडतात. तिथे हॉफमनच्या नावापुढे as Sam Etic अशी नोंद मिळते आणि ती बरोबर आहे. पण या संकेतस्थळावरच्या पुष्कळ नोंदी वाचक-प्रेक्षकांनी पाठवलेल्या असतात. नोंदीपुढे uncredited असे लिहिलेले असेल, तर नामावलीचा आधार नाही हे तिथेच कबूल केलेले असते; मग आधार कोणता, हे शोधणे आपले काम. archive footage असे असेल, तर त्या नटाने मालिकेसाठी काहीच केलेले नसते, फक्त जुने चित्रण वापरलेले असते. दहा लेखांत एकच गोष्ट दिसली तरी ते दहाही लेख एकाच नोंदीवरून उतरवलेले असू शकतात. तसे असेल तर तो एकच पुरावा, दहा नव्हेत.

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे ‘होता की नव्हता’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देताच येत नाही. १९ सप्टेंबर १९९१ रोजी दाखवलेल्या ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’ या भागात होमर सिम्पसन गुलाबी सदरा घालून कामावर जातो आणि त्यावरून त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. तिथे त्याला लिऑन कॉम्पोव्स्की नावाचा आडदांड गोरा माणूस भेटतो. आपण मायकेल जॅक्सन आहोत, अशी लिऑनची समजूत असते. नामावलीत या आवाजासमोर नाव आहे John Jay Smith.

हा खरोखर जॅक्सन होता की नकलाकार, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला, आणि दोन्ही बाजूंकडे थोडेथोडे सत्य होते. लिऑन बोलतो तो आवाज जॅक्सनचा आहे. लिऑन गातो तो आवाज किप लेनन या गायकाचा आहे, कारण ध्वनिमुद्रिका कंपनीशी असलेल्या करारामुळे जॅक्सनला इथे गाता येत नव्हते. शेवटी लिऑन आपल्या खऱ्या, घोगऱ्या आवाजात बोलू लागतो, तेव्हा ऐकू येतो तो मालिकेचा नेहमीचा कलाकार हँक अझारिया. एका पात्राला तीन गळे. गाणे ऐकून ‘हा जॅक्सन नाही’ म्हणणारा बरोबर होता. त्यावरून ‘जॅक्सन या भागातच नाही’ हा त्याने काढलेला निष्कर्ष चूक होता. म्हणून पडताळणीत प्रत्येक काम सुटे करून विचारावे लागते: बोलले कोण, गायले कोण, पडद्यावर दिसले कोण.

इथेही निवाडा केला तो निर्मात्यांच्याच बोलण्याने. तिसऱ्या पर्वाच्या २००३च्या डीव्हीडी संचात त्यांनी जॅक्सनच्या सहभागाची हकिकत सांगितली आहे. केवळ कानावर भरवसा ठेवला असता, तर हा उलगडा कधीच झाला नसता.

कान किती अपुरा पडतो हे ३ डिसेंबर १९९२च्या ‘लिसाज फर्स्ट वर्ड’ या भागावरून कळते. तान्ही मॅगी शेवटी एकच शब्द बोलते आणि तो उच्चारला आहे एलिझाबेथ टेलरने. एवढ्याशा शब्दावरून तिला कुणी ओळखले नसते, पण तिचे नाव नामावलीत स्वच्छ आहे. जॅक्सनच्या भागानंतर निर्मात्यांनी धोरण ठरवले होते की पाहुण्याने स्वतःच्या नावानेच श्रेय घेतले पाहिजे. त्यामुळे या मालिकेच्या नंतरच्या भागात नामावलीत नाव नसलेल्या बड्या पाहुण्याचा दावा आला, तर त्याकडे अधिक संशयाने पाहावे.

एक अडचण मात्र वाढली आहे. मार्च २०१९ मध्ये जॅक्सनवरील आरोपांविषयीचा ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ हा माहितीपट प्रदर्शित झाल्यावर निर्मात्यांनी ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’ हा भाग प्रसारणातून काढून घेतला. स्ट्रीमिंगच्या यादीत तो दिसत नाही, म्हणून तो कधी बनलाच नव्हता असे समजू नये. ज्यांना त्याची नामावली आणि निर्मात्यांचे बोलणे स्वतः तपासायचे आहे, त्यांनी तिसऱ्या पर्वाचा जुना डीव्हीडी संच मिळवावा. भाग त्यात आहे.