विश्लेषण : रनिंग क्लबचे प्रायोजकत्वाचे पत्र दुकानदाराच्या गल्ल्यापाशीच का अडते?

हिवाळा जवळ आला की शहरांतल्या रनिंग क्लबना स्वतःची छोटी दौड भरवण्याचे वेध लागतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी डिसेंबरमधली अशी १० किलोमीटरची दौड म्हणजे सरावाचीच संधी. त्यासाठी परिसरातल्या दुकानदाराकडे प्रायोजकत्वाचे पत्र जाते आणि बहुतेकदा उत्तर येते, ‘बघू, नंतर या.’ हे ‘नंतर’ सहसा उजाडत नाही. पत्रात नेमके काय असले की दुकानदार हो किंवा नाही असे स्पष्ट सांगू शकतो?

पत्रात काय चुकते?

अशी बहुतेक पत्रे गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या धाटणीत लिहिलेली असतात. क्लबची स्थापना, आरोग्याचे महत्त्व, उपक्रमांची यादी आणि शेवटी ‘यथाशक्ती सहकार्य करावे, आपल्या दुकानाची योग्य ती प्रसिद्धी केली जाईल’. हे वाचून दुकानदाराच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक, किती द्यायचे ते मलाच ठरवायचे आहे. दुसरी, ‘योग्य ती प्रसिद्धी’ म्हणजे काय, हे यांनाही ठाऊक नाही. मग तो वर्गणीसारखे ५०१ किंवा ११०० रुपये देऊन मोकळा होतो किंवा विषय पुढे ढकलतो.

वर्गणी आणि प्रायोजकत्व यांत फरक आहे. वर्गणी मागणाऱ्याला बदल्यात काही द्यायचे नसते. प्रायोजकत्वात क्लब एक वस्तू विकत असतो, ती म्हणजे लोकांच्या नजरेत येण्याची संधी. ती कोणाला, कुठे आणि किती वेळा मिळणार, हे लिहिलेले नसेल तर दुकानदाराला तिची किंमत करता येत नाही.

किती मागायचे, हे कसे ठरवायचे?

नाशिकचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पहाटे पळणारा ६० जणांचा एक क्लब आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी २०० जणांची दौड घ्यायची आहे. २०० टी-शर्टचे प्रत्येकी १८० रुपयांप्रमाणे ३६ हजार, पदकांचे प्रत्येकी ६० रुपयांप्रमाणे १२ हजार, पाणी, ओआरएस आणि केळ्यांचे ८ हजार, रुग्णवाहिकेचे ५ हजार आणि किरकोळ ४ हजार असा खर्च धरला, तर एकूण ६५ हजार होतात. प्रवेश शुल्क २५० रुपये ठेवले तर ५० हजार जमतील. तूट राहते १५ हजारांची.

पत्रात मागायची रक्कम हीच. ती गोल आकड्यात वाढवून २५ हजार केली, तर ‘एवढे कशाला?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरत नाही. तूट दाखवणारा पाच ओळींचा हिशेब पत्राला जोडला, की दुकानदाराला आपले पैसे कुठे जाणार ते दिसते.

दुकानदाराला यातून काय मिळते?

पत्र कोणाकडे न्यायचे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. क्लबने हे पत्र कॉलेज रोडवरच्या खेळाच्या बुटांच्या दुकानात नेले असे समजू. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, असे मानले जाते. आठवड्याला २५ किलोमीटर पळणारा माणूस वर्षाला १३०० किलोमीटर पळतो. म्हणजे त्याला वर्षाला साधारण दोन जोड लागतात. ६० सदस्यांचे मिळून १२० जोड झाले आणि त्यांतले बरेच आज ऑनलाइन घेतले जात असतील.

१५ हजार वसूल व्हायला किती बूट विकले गेले पाहिजेत, हे दुकानदार मनातल्या मनात काढतो. सदस्यांना सवलत दिल्यानंतर एका जोडामागे त्याला ६०० रुपये सुटत असतील, तर २५ जोड. ६०० हा आकडा खरा किती, हे फक्त त्यालाच माहीत असते. त्यामुळे पत्रात नफ्याचे आश्वासन देऊ नये. सदस्य किती, आठवड्याला किती पळतात, बूट कितीदा बदलतात एवढेच लिहावे, पुढचे गणित तो करतो. हेच पत्र सराफाकडे नेले तर हे गणित जमत नाही. त्याच्यासाठी टी-शर्टवरचे नाव फार तर ओळखीपुरते असते.

प्रसिद्धी मोजायची कशी?

क्लबच्या इन्स्टाग्राम पानाला १८०० फॉलोअर असतील, तर तो आकडा पत्रात मोठ्या अक्षरांत येतो. पण फॉलोअर म्हणजे प्रेक्षक नव्हेत. मागच्या दहा पोस्ट प्रत्यक्ष किती जणांपर्यंत पोहोचल्या, हे ॲप खातेधारकाला दाखवते. ती सरासरी ४०० असेल तर ४०० लिहावे. दुकानदाराने फोनवर दाखवायला सांगितले, तर मोठा आकडा तिथेच उघडा पडतो.

टी-शर्टचे तसे नाही. छातीवर क्लबचे नाव आणि पाठीवर प्रायोजकाचे, असे ठरले तर ते नाव दौडीनंतरही वर्षभर ट्रॅकवर दिसत राहते, आणि मागून पळणाऱ्याला पाठच दिसते. मात्र पाठीवर आठ लोगो छापले तर एकही वाचता येत नाही. म्हणून मुख्य प्रायोजक एकच आणि बुटांचे दुसरे दुकान त्यात नाही, ही हमी पत्रात असावी. अनेक दुकानदारांना लोगोच्या आकारापेक्षा ही हमी जास्त मोलाची वाटते.

दोन गोष्टी मात्र कबूल करू नयेत. पहिली, रस्त्यावरचे फ्लेक्स. महापालिकेच्या परवानगीविना सार्वजनिक जागी फलक लावणे बेकायदा आहे. राज्यात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे आणि फलकावर दुकानाचे नाव असल्याने पहिली विचारणा दुकानदाराकडेच होऊ शकते. फलक दौडीच्या जागेच्या आत आणि त्या सकाळपुरताच असावा. दुसरी, सदस्यांचे फोन नंबर. दुकानदार ते हमखास मागतो. पण नोंदणीच्या वेळी दिलेला नंबर दुकानाच्या जाहिरातीसाठी द्यायचा तर त्या व्यक्तीची संमती लागते. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच तो आहे. त्याऐवजी सवलतीचा कोड द्यावा. तो सांगून किती जण आले, हे दुकानदाराला स्वतःच्याच वहीत दिसते.

पत्र कसे असावे?

एक पान पुरते. नमुना असा :

‘स. न. वि. वि.

विषय : १० किमी दौडीचे मुख्य प्रायोजकत्व, रु. १५,०००

आम्ही गोल्फ क्लब मैदानावर रोज पहाटे साडेपाचला पळणारे ६० जण आहोत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी २०० जणांची दौड घेत आहोत. खर्च ६५ हजार, प्रवेश शुल्कातून ५० हजार. उरलेल्या १५ हजारांसाठी ही विनंती. हिशेब सोबत जोडला आहे.

बदल्यात : २०० टी-शर्टच्या पाठीवर फक्त आपल्या दुकानाचे नाव, दौडीच्या सकाळी मैदानात आपले टेबल, आमच्या पानावर तीन पोस्ट, प्रत्येक सरासरी ४०० जणांपर्यंत पोहोचते, सदस्यांसाठी आपण ठरवाल तो सवलतीचा कोड. बुटांचा दुसरा प्रायोजक घेणार नाही.

लोगो छपाईसाठी १० नोव्हेंबरपर्यंत लागेल. दौड रद्द झाल्यास खर्च न झालेली रक्कम १५ दिवसांत परत करू. पुढच्या आठवड्यात आपल्या सोयीच्या वेळी येऊन भेटतो.

आपले नम्र,
दोन समन्वयकांच्या सह्या, फोन नंबर’

आरोग्याचे महत्त्व यात कुठेच नाही, कारण बुटांच्या दुकानदाराला ते सांगावे लागत नाही. पत्र देण्याची वेळही पाहावी लागते. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा पत्र वाचले जाते. होकार मात्र अनेकदा घटस्थापनेनंतरच मिळतो.

पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे?

होकारानंतर गाडी सर्वाधिक अडते ती इथे. नोंदणी नसलेल्या क्लबकडे सहसा स्वतःचे बँक खाते नसते आणि पैसे एखाद्या सदस्याच्या यूपीआयवर घेतले जातात. दुकानदाराच्या हिशेबात मग एका खासगी व्यक्तीला दिलेले १५ हजार दिसतात आणि क्लबमध्येही कुजबूज सुरू होते. यावर सोपा मार्ग म्हणजे प्रायोजकाने टी-शर्ट छापणाऱ्याच्या बिलातले १५ हजार थेट भरावेत आणि तेवढे बिल दुकानाच्या नावावर घ्यावे. क्लबच्या हाती रोकड येतच नाही.

‘८०-जीची पावती मिळेल का?’ असेही विचारले जाते. ती सवलत आयकर विभागाची मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. शिवाय इथे बदल्यात जाहिरात आहे, त्यामुळे ही देणगी नाहीच. दुकानदार हा खर्च जाहिरात म्हणून व्यवसायाच्या खर्चात दाखवू शकतो. मात्र एका दिवसात एकाच व्यक्तीला १० हजारांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. म्हणून पैसे बँकेतूनच जावेत.

जीएसटीत एक बारकावा आहे. रोख प्रायोजकत्व घेणारा क्लब कंपनी नसेल आणि देणारे दुकान भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल, तर ‘रिव्हर्स चार्ज’ पद्धतीने १८ टक्के कर दुकानालाच भरावा लागतो. १५ हजारांवर तो २७०० रुपये होतो. दुकान एकाच मालकाचे असेल तर हा नियम लागू होत नाही, आणि वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या क्लबलाही सहसा नोंदणी लागत नाही. दुकान कोणत्या प्रकारचे आहे, हे पहिल्याच भेटीत विचारले तर नंतर ‘हे २७०० कुठून आले?’ असा वाद होत नाही.

दौडीनंतर काय करायचे?

पुढच्या वर्षीचा होकार आठवडाभरात दिलेल्या एका पानावर ठरतो. प्रत्यक्ष किती धावले, टी-शर्ट किती वाटले, तीन पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचल्या आणि पैसे कुठे खर्च झाले, एवढेच त्यात लिहावे. २०० ऐवजी १६० जण आले असतील तर १६० लिहावे आणि उरलेले ४० टी-शर्ट कोणाला दिले तेही सांगावे. दौडीच्या सकाळी दुकानदार किंवा त्याचा माणूस टेबलापाशी उभा असतो. गर्दी किती होती, हे त्याने पाहिलेलेच असते.