भिंतीवरच्या टीव्हीसाठी चार ओळींची चिठ्ठी

टीव्ही भिंतीवर बसवण्यासाठी टेक्निशियनची वेळ ठरवताना त्याला जी चिठ्ठी किंवा मेसेज पाठवला जातो, त्यात तीन गोष्टी लागतात: उंची, प्लग पॉइंटची जागा आणि वायरींचा मार्ग. ही मापे बहुतेक जण कळवतातही, पण ती कुठून कुठपर्यंत घेतली ते लिहायचे राहून जाते.

उंचीचेच घ्या. ४३ इंची टीव्हीची स्टँडविना उंची साधारण ५६ सेंटिमीटर असते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून सुमारे १०५ सेंटिमीटरवर येतात, म्हणून पडद्याचा मध्य तिथे असावा असे घरच्यांनी ठरवले आणि भिंतीवर पेन्सिलने फुली मारली. चिठ्ठीत मात्र नुसते ‘टीव्ही १०५ वर’ एवढेच लिहिले. टेक्निशियनने ती टीव्हीची खालची कड समजली, तर टीव्ही २८ सेंटिमीटर वर चढतो आणि पाहणाऱ्यांची मान दुखायला लागते.

त्याने फुली ब्रॅकेटचा मध्य समजली, तरी चूक होतेच. टीव्हीच्या पाठीवरची स्क्रूची चार भोके नेहमी पडद्याच्या मधोमध नसतात. पुष्कळदा ती खाली सरकलेली असतात. या टीव्हीत वरची जोडी खालच्या कडेपासून ३३ आणि खालची १३ सेंटिमीटरवर आहे असे धरू. म्हणजे भोकांचा मध्य २३ वर आला, तर पडद्याचा २८ वर. ब्रॅकेटचा मध्य १०५ ऐवजी १०० सेंटिमीटरवर धरला, तरच पडद्याचा मध्य फुलीवर येतो. त्यामुळे फुली कशाची ते चिठ्ठीत लिहावे आणि पडताळ्यासाठी खालच्या कडेची उंचीही द्यावी: फरशीपासून ७७ सेंटिमीटर. माप स्कर्टिंगच्या वरून नव्हे, फरशीपासून घ्यायचे. फरशीला उतार असेल, तर माप फुलीच्या बरोबर खाली घ्यावे.

प्लग पॉइंट टीव्हीच्या मागे लपवायची हौस सगळ्यांना असते, पण अडचण जाडीची येते. न हलणाऱ्या ब्रॅकेटवर टीव्ही आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर फट उरते. तीन पिनांचा प्लग वायरीसकट त्याहून जास्त पुढे येतो. पुष्कळ टीव्हींचा खालचा भाग पाठीमागे फुगीर आणि वरचा पातळ असतो, म्हणून पॉइंट वरच्या भागामागे आणि ब्रॅकेटपासून दूर हवा. या उदाहरणात फुलीपासून ३५ सेंटिमीटर उजवीकडे, फरशीपासून १२५ वर घेतला, तर तो कडेबाहेर दिसत नाही आणि प्लगला जागाही मिळते. उजवी-डावी बाजू मात्र टीव्हीकडे तोंड करून सांगायची, कारण पाठीमागून पाहिलेले सॉकेट समोरून उलट बाजूला येतात.

पॉइंटची जागा कळवण्याचे आणखी एक कारण ड्रिल आहे. भिंतीतले पाइप साधारणपणे बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडवे जातात. त्या रेषेत ड्रिल लागले, तर चालू वायर तुटू शकते. भिंत विटांची, काँक्रीटची की सिपोरेक्सची हेही एका शब्दात लिहावे. सिपोरेक्समध्ये साधे प्लग नीट धरत नाहीत. त्यासाठी वेगळे, लांब प्लग लागतात आणि ते टेक्निशियनला सोबत आणावे लागतात. चिठ्ठी आगाऊ पाठवायची ती यासाठीच.

वायरींचा मार्ग सांगताना सुरुवात, वळण आणि शेवट सांगितला की काम भागते. सेट टॉप बॉक्स ४५ सेंटिमीटर उंच कपाटावर, फुलीपासून ६० सेंटिमीटर डावीकडे आहे. एचडीएमआयचे सॉकेट फुलीपासून २५ डावीकडे, खालच्या कडेच्या २५ वर आहे. वायर तिथून कडेपर्यंत २५, मग कपाटापर्यंत ३२ आणि आडवी ३५, म्हणजे ९२ सेंटिमीटर जाईल. टीव्ही काढता-घालता यावा म्हणून थोडी सैल हवी. तेव्हा दीड मीटरची केबल बरी. ही वायर भिंतीतल्या अरुंद पाइपातून नेण्याचा बेत असेल, तर आधी तिचे टोक आत घालून पाहावे, कारण एचडीएमआयचे रुंद टोक पाइपाच्या बाकात अडकते. बाहेरून केसिंग पट्टी लावणे सोपे, आणि खर्चही कमी.

एवढे हाताशी आल्यावर चिठ्ठी अशी होते:

‘४३ इंची टीव्ही, विटांची भिंत. फुली हा पडद्याचा मध्य: फरशीपासून १०५ सेंमी, टीव्हीची खालची कड ७७ वर. प्लग पॉइंट फुलीच्या उजवीकडे ३५, फरशीपासून १२५ वर. त्याच्या सरळ रेषेत ड्रिल नको. एचडीएमआय फुलीच्या डावीकडे २५ वरून पट्टीतून खाली कपाटापर्यंत, तिथून आडवी डावीकडे बॉक्सपर्यंत. डाव्या-उजव्या बाजू टीव्हीकडे तोंड करून. भोके पाडण्याआधी टीव्हीच्या पाठीवरची मापे घेऊन ब्रॅकेटची जागा तपासावी.’

सोबत भिंतीचा एक फोटो असावा, ज्यात फुलीशेजारी उलगडलेला मेजरिंग टेप फरशीपर्यंत दिसेल.