किलितोचं वजन

मेक्सिकोच्या बाजारात टोमॅटो घेताना गिऱ्हाईक अनेकदा ‘उन किलितो’ मागतं. स्पॅनिशमध्ये किलोला ‘इतो’ हा प्रत्यय लागला की शब्दशः ‘छोटुकला किलो’ होतो. तराजूत मात्र पुरते हजार ग्रॅम पडावे लागतात. नऊशेवर भागवलं तर भांडण ठरलेलं. मग लहान झालं काय? मागणं. ‘जरा एक सही करता का?’ यातल्या ‘जरा’नं सही कुठे आखूड होते!

पुल्लिंगी नामाला ‘इतो’, स्त्रीलिंगीला ‘इता’ असा साधारण नियम. कासा म्हणजे घर, कासिता म्हणजे घरकुल. मोस्का म्हणजे माशी, तिच्यापासून मोस्किटो. हा इवलासा प्रत्यय डासाच्या पाठीवर बसून आपल्याकडेही पोचला आहे. व्याकरणं याला लघुत्ववाचक म्हणतात. पण भाषाशास्त्रज्ञ आमादो आलोन्सो यांनी 1935 साली एका निबंधात मांडलं, की याचं मुख्य काम आकार मोजणं नाही. बोलणाऱ्याची माया, लाडीगोडी, विनवणी पोचवणं हे आहे.

याची खरी गंमत पाहायची तर ‘आओरिता’ घ्यावा. ‘आओरा’ म्हणजे आता. त्याला शेपूट लागलं की ‘अगदी आत्ता’ व्हायला हवं, आणि कधीकधी होतंही. ‘लो एस्तोय आसिएन्दो आओरिता’ म्हणजे काम या क्षणी चालू आहे. ‘आओरिता सालिओ’ म्हणजे साहेब आत्ताच बाहेर पडले. पण ‘आओरिता वोय’ ऐकलंत तर खुर्ची शोधा. तो आपला ‘आलोच’ आहे: पाच मिनिटं, दोन तास, किंवा मुळीच नाही. थोडक्यात, सोबतच्या क्रियापदाकडे कान द्यायचा. काम घडलेलं किंवा चालू असेल तर शब्दावर विसंबावं, व्हायचं असेल तर घड्याळ विसरावं. ‘आओरिता नो, ग्रासिआस’ हा तर फेरीवाल्याला दिलेला सभ्य नकार. त्यात ‘नंतर या’ असं काही नसतं. प्वेर्तो रिकोत याच शब्दाचा अर्थ बहुधा ‘नंतर’ असा होतो, त्यामुळे मेक्सिकन पाहुण्याची पंचाईत.

मेक्सिकोत हा प्रत्यय इतका का बोकाळला? तिथल्या नाहुआत्ल भाषेत ‘त्सिन’ हा प्रत्यय लहानपण, माया आणि आदर तिन्ही दाखवतो. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसच्या दुभाषीचं नाव मालिन्त्सिन, त्यात तोच आहे. तिथून ही सवय आली असावी, असा तर्क 1959 साली दाविला गारीबी यांनी मांडला. तर्क मोहक आहे, पण मला तो अपुरा वाटतो. नाहुआत्लचा वारा न लागलेल्या इक्वेडोर आणि क्यूबातही लघुरूपांची रेलचेल आहेच.

एक मात्र सांभाळावं. वकिलाला ‘लिसेन्सिआदो’ म्हणणं हा मान. त्याचाच ‘लिसेन्सिआदितो’ केला की सूर पाहून ‘टिनपाट वकील’ असाही अर्थ निघतो. किलोनं जे निमूट सोसलं, ते माणूस सोसेलच असं नाही.