रॅकवर किती आणि वाटेत किती?

तालुक्याच्या गावातलं पन्नास-साठ खाटांचं रुग्णालय घ्या. तिथल्या औषध स्टोअरमध्ये हजारभर प्रकारच्या वस्तू सहज असतात. सुया, हातमोजे, सलाइन, इन्सुलिन, टाक्यांचे दोरे, प्रतिजैविकं. यातलं काय संपत आलंय हे एका स्टोअरकीपरनं रोज डोळ्यांनी पाहून ठरवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी हे काम संगणकाकडे दिलेलं असतं. दिवसाच्या नोंदी पूर्ण झाल्या की रात्री प्रणाली प्रत्येक वस्तूचा साठा तपासते. तो ठरलेल्या पातळीच्या खाली गेला असेल तर पुरवठादाराच्या नावे खरेदी ऑर्डर तयार करते. सकाळी स्टोअरकीपर आला की ऑर्डर सहीसाठी समोर असते.

ऐकायला हे अगदी सोपं वाटतं. पण ‘साठा’ म्हणजे नेमका कोणता आकडा, इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. तो आकडा चुकीचा धरला तर हीच प्रणाली एक तर गोदाम भरून टाकते, नाही तर ऐन वेळी रुग्णालयाला उघडं पाडते. सलाइनच्या 500 मिलीच्या बाटलीचं उदाहरण घेऊन हे नीट पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत प्रत्यक्षातलीच आहे.

समजा, रुग्णालयात रोज सरासरी 40 बाटल्या लागतात. ऑर्डर दिल्यापासून माल स्टोअरमध्ये यायला चार दिवस जातात. तपासणी दिवसातून एकदाच होते. आज रात्रीची तपासणी आटोपल्यावर साठा पातळीखाली गेला तर ते उद्या रात्रीच कळणार, म्हणून हा एक दिवसही धरायचा. पाच दिवसांचा खप झाला 200 बाटल्या.

पण पातळी 200 वर ठेवली तर सगळं सरासरीप्रमाणे घडलं तरच निभावेल, आणि रुग्णालयात सरासरीसारखा दिवस क्वचितच उगवतो. एखाद्या आठवड्यात रुग्ण वाढतात, पावसात घाट बंद झाला की गाडी दोन दिवस उशिरा येते. मागच्या वर्षाच्या नोंदी चाळून स्टोअरकीपरनं ठरवलं, की उशिराच्या दोन दिवसांसाठी 80 आणि खपातल्या चढउतारासाठी आणखी 40 अशा 120 बाटल्या हाताशी असाव्यात. हा झाला राखीव साठा. 200 आणि 120 मिळून 320. ही सलाइनची रिऑर्डर पातळी.

आता एका वेळी किती मागवायचं? बाटल्या 24 च्या खोक्यात येतात. वारंवार ऑर्डर दिली तर वाहतूक आणि कागदपत्रांचा खर्च वाढतो, एकदम फार मागवलं तर पैसा आणि जागा अडकते. या दोन खर्चांचा तोल कसा साधायचा, याचं गणित अमेरिकन अभियंता फोर्ड हॅरिस यानं 1913 मध्येच मांडलं होतं. आपल्या रुग्णालयानं 20 खोकी म्हणजे 480 बाटल्या ठरवल्या. बारा दिवसांचा खप.

आता पाच रात्री पाहू. सोमवारी रात्री रॅकवर 350 बाटल्या आहेत. 320 पेक्षा जास्त, म्हणून ऑर्डर नाही. मंगळवारी 45 बाटल्या गेल्या, उरल्या 305. पातळी ओलांडली, 480 ची ऑर्डर निघाली. इथवर सगळं ठीक.

बुधवारी 38 गेल्या. रॅकवर 267. प्रणाली फक्त रॅककडे पाहत असेल तर तिला दिसतं, की 267 हे 320 पेक्षा कमी आहे. ती पुन्हा 480 मागवते. गुरुवारी साठा 225, आणखी 480. शुक्रवारी 185, आणखी 480. शनिवारी पहिला माल दारात येतो तोवर 1,920 बाटल्यांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. म्हणजे 48 दिवसांची सलाइन. ज्या स्टोअरमध्ये खोकी जिन्याखाली रचलेली दिसतात आणि मुदत संपत आलेला माल परत घ्या म्हणून पुरवठादाराच्या विनवण्या चालू असतात, तिथे अनेकदा हेच घडलेलं असतं.

म्हणून तुलना करायची ती वेगळ्याच आकड्याशी. रॅकवरचा माल, अधिक मागवलेला पण अजून न आलेला माल, वजा आधीच कुणासाठी तरी ठरलेला माल. बुधवारी रात्री हा आकडा 267 अधिक 480 म्हणजे 747 होतो. ऑर्डरची गरजच नाही. गुरुवारी 705, शुक्रवारी 665. शनिवारी माल येतो तेव्हा रॅकवर दीडशेच्या आसपास बाटल्या असतात. राखीव साठ्याला हात न लावता आठवडा पार पडतो.

वजाबाकीचा भागही तितकाच महत्त्वाचा. येत्या रविवारी शस्त्रक्रिया शिबिर आहे आणि त्यासाठी 100 बाटल्या बाजूला ठेवायच्या आहेत, तर त्या रॅकवर दिसत असल्या तरी रोजच्या वापराच्या नाहीत. त्या वजा केल्या नाहीत तर सोमवारी सकाळी वॉर्डातून मागणी येईल आणि रॅक रिकामा सापडेल.

मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणाली हेच करते. तिच्यात वस्तूच्या नोंदीवर पातळी आणि प्रमाण भरून ठेवता येतं. रोजची तपासणी पातळीशी ताडून पाहते तो आकडा हातातल्या मालाचा नसतो. पडद्यावर `Projected Qty` या नावानं दिसणारा, येणं-देणं धरलेला आकडा ती घेते. शिवाय ती थेट खरेदी ऑर्डर न काढता आधी मागणीपत्र तयार करते आणि पुढचा निर्णय माणसाकडे सोडते. हा टप्पा मला फार योग्य वाटतो. पुरवठादाराला गेलेली ऑर्डर हा पैशाचा शब्द असतो, तो देण्याआधी कुणीतरी जबाबदारीनं वाचायला हवा. मात्र स्वतःची प्रणाली बांधणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. सहीसाठी थांबलेली मागणीही ‘येणाऱ्या माला’त मोजली गेली पाहिजे. साहेब दोन दिवस रजेवर गेले आणि मसुदा मोजला गेला नाही, तर तीच वस्तू रोज रात्री नव्यानं मागितली जाईल.

येणाऱ्या मालाचा आकडा उलट दिशेनंही फसवतो, आणि ही चूक जास्त घातक आहे. 480 मागवल्या, आल्या 300. उरलेल्या 180 नंतर देतो असं पुरवठादारानं सांगितलं आणि त्या कधी आल्याच नाहीत. ऑर्डर मात्र कागदोपत्री उघडी राहिली. आता प्रणाली रोज त्या 180 बाटल्या वाटेत आहेत असं धरून चालते. पातळी 320 ची असली तरी प्रत्यक्षात रॅक 140 च्या खाली जाईपर्यंत नवी ऑर्डर निघत नाही. तिथून पुढे चार दिवसांचा खप 160. म्हणजे माल अगदी वेळेवर निघाला तरी शेवटच्या दिवशी बाटल्या कमी पडणार. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. रॅक रिकामा होत चाललाय, तरी सकाळच्या यादीत ती वस्तू येत नाही. अशा वेळी पातळी वाढवण्याआधी जुन्या उघड्या ऑर्डरी तपासाव्यात आणि न येणारा माल रद्द करावा. ज्या ऑर्डरीची तारीख उलटून आठवडा झालाय त्यांची यादी रोजच्या तपासणीनंच काढून दिली, तर हे काम पाच मिनिटांचं होतं.

तिसरी चूक मापाची. स्टोअर बाटल्या मोजतं, पुरवठादार खोकी मोजतो. नव्या वस्तूची नोंद करताना एका खोक्यात 24 बाटल्या हे भरायचं राहिलं, तर 480 बाटल्यांची ऑर्डर 480 खोक्यांची होऊन जाते. म्हणजे 11,520 बाटल्या. भला पुरवठादार फोन करून विचारतो, पण त्यावर विसंबणं बरं नाही. नेहमीच्या प्रमाणाच्या दुपटीहून मोठी ऑर्डर असेल तर ती वेगळ्या रंगात दाखवून थांबवावी, एवढा नियम पुरेसा आहे.

आणि मुळात रॅकवरचा आकडाच खोटा असेल तर? रात्री दोनला वॉर्डातून मावशी येतात, घाईत चार बाटल्या नेतात, नोंद राहते. दोन फुटतात, तीन मुदतबाह्य म्हणून बाजूला पडतात. संगणकात मात्र त्या सगळ्या शाबूत असतात. याला उपाय मोजणीचाच. वर्षातून एकदा दोन दिवस स्टोअर बंद ठेवून सगळं मोजण्यापेक्षा रोज वीसएक वस्तू मोजाव्यात. महागड्या आणि वेगानं खपणाऱ्या वस्तूंची पाळी लवकर लवकर यावी. संगणकात एखाद्या वस्तूचा साठा उणे दिसला, तर त्या दिवशी पहिली मोजणी तिची.

आता या पद्धतीच्या मर्यादेकडे येऊ. रिऑर्डर पातळी मागच्या खपावरून ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढले आणि रोजचा खप 40 वरून 60 वर गेला, तर पाच दिवसांना 300 बाटल्या लागतील. 320 ची पातळी जेमतेम तग धरेल. त्यात गाडी दोन दिवस उशिरा आली तर गरज 420 ची होते, आणि प्रणालीनं आपलं काम चोख करूनही सलाइन संपते. म्हणून पातळी एकदा भरून विसरण्याचा आकडा नव्हे. जूनमध्ये वाढवावी, हंगाम सरला की उतरवावी, आणि खप किती होता, माल प्रत्यक्षात किती दिवसांत आला, हे दर तीन महिन्यांनी नोंदींवरून पुन्हा पाहावं.

काही वस्तूंना तर सरासरी लागूच पडत नाही. सर्पदंशावरची लस घ्या. महिन्याला सरासरी तीन-चार कुप्या लागतात असं नोंदी सांगतील. पण विषबाधेची लक्षणं असलेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या द्याव्या लागतात, पुढे आणखी लागू शकतात. भातलावणीच्या दिवसांत एकाच संध्याकाळी असे दोन रुग्ण आले तर? सरासरीवरून काढलेली पातळी इथे जीवघेणी ठरेल. अशा औषधांचा किमान साठा डॉक्टरांनी रुग्णांच्या हिशेबानं ठरवावा. एकाच वेळी किती रुग्णांना पूर्ण उपचार देता आले पाहिजेत, त्याला लागतील तेवढ्या कुप्या. मग तो आकडा प्रणालीत पातळी म्हणून भरावा, आणि त्यातल्या काही मुदत संपून वाया जातील हा खर्च आधीच मान्य करावा.

रोज रात्री हजार वस्तूंची बेरीज-वजाबाकी न थकता करणं, हे संगणकाचं काम. कोणत्या वस्तूच्या बाबतीत सरासरीवर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या बाबतीत एका माणसाच्या जिवाचा हिशेब धरायचा, हे मात्र पातळी भरणाऱ्यानं ठरवायचं असतं. तो आकडा कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे भरला, हे वस्तूच्या नोंदीशेजारी एका ओळीत लिहून ठेवलं, तर पुढच्या स्टोअरकीपरला तो बदलायचा की नाही हे कळेल.